जोडलेली खाती, सामाईक माहिती : फेसबुक व इन्स्टाग्राम यांमधील खातेजोडणी आणि ती तोडल्याने होणारे बदल

सारांश :
महाविद्यालयीन विभाग, मंडळे आणि राष्ट्रीय सेवा योजनेची एकके यांची फेसबुक व इन्स्टाग्रामवरील खाती बहुधा विद्यार्थी चालवतात आणि सोयीसाठी ती स्वतःच्या खात्याशी जोडतात. या जोडणीमुळे प्रवेश, प्रसिद्धी आणि जाहिरातीसाठीची माहिती अशा तीन गोष्टी सामाईक होतात. जोडणी तोडली की सर्व काही पूर्ववत होते, असा सार्वत्रिक समज आहे. तो का चुकीचा आहे, याचे स्पष्टीकरण मुळशी तालुक्यातील एका शिबिराच्या योजलेल्या उदाहरणाद्वारे प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : खातेजोडणी, अकाउंट्स सेंटर, लॉगिन, सामाईक प्रसिद्धी, जाहिरात माहिती.

प्रस्तावना :
इन्स्टाग्राम हे अॅप ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुक कंपनीने ते सुमारे शंभर कोटी डॉलरला विकत घेण्याची घोषणा केली. दोन्ही अॅप्स एकाच मालकीची झाली, तरी वापरणाऱ्याच्या दृष्टीने दीर्घकाळ ती दोन स्वतंत्र घरेच होती. इन्स्टाग्रामवरील छायाचित्र फेसबुकवरही जावे अशा काही मर्यादित सोयी होत्या. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने 'अकाउंट्स सेंटर' ही व्यवस्था जाहीर केली आणि या दोन घरांमध्ये एक सामाईक दालन तयार झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीचे नाव 'मेटा' झाले. त्यानंतर वैयक्तिक तपशील, पासवर्ड, सुरक्षा आणि जाहिरातविषयक पसंती या बाबींची मांडणीही टप्प्याटप्प्याने याच दालनात हलवण्यात आली.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. 'खाती जोडली' हा एकच शब्दप्रयोग आपण दोन वेगळ्या क्रियांसाठी करतो. पहिली क्रिया म्हणजे एखाद्या व्यक्तीचे फेसबुक खाते आणि एखादे इन्स्टाग्राम खाते एकाच अकाउंट्स सेंटरमध्ये आणणे. दुसरी क्रिया म्हणजे संस्थेचे फेसबुक पेज आणि तिचे व्यावसायिक प्रकारचे इन्स्टाग्राम खाते एकमेकांस जोडणे. पहिली जोडणी व्यक्तीच्या खात्यांची आहे, तर दुसरी पेजची. या दोन्ही जोडण्या वेगवेगळ्या ठिकाणी होतात आणि वेगवेगळ्या ठिकाणीच तोडाव्या लागतात. प्रस्तुत लेखाचा भर पहिल्या जोडणीवर आहे. दुसरीचा विचार आवश्यक तेथे केला आहे.

उदाहरण :
विवेचनासाठी एक प्रसंग योजला आहे. त्यातील व्यक्ती व संस्था काल्पनिक आहेत, परंतु प्रत्येक टप्पा या व्यवस्थेच्या प्रत्यक्ष रचनेनुसार घडणारा आहे.

एका महाविद्यालयाच्या रासेयो एककाचे सात दिवसांचे विशेष शिबिर मुळशी धरणाच्या काठावरील एका गावात भरले. एककाचे इन्स्टाग्राम खाते 'खासगी' स्वरूपाचे आहे, म्हणजे ज्यांना परवानगी दिली आहे त्यांनाच त्यातील मजकूर दिसतो. असे अनुयायी सुमारे १८० असून ते सर्व आजी-माजी स्वयंसेवक आहेत. विद्यार्थी प्रतिनिधीने हे खाते मागील वर्षीच स्वतःच्या वैयक्तिक फेसबुक खात्याशी अकाउंट्स सेंटरमध्ये जोडले होते आणि नवीन पोस्ट आपोआप फेसबुकवर जावी, अशी नोंदही करून ठेवली होती. शिबिरात आरोग्य तपासणी झाली. रक्तदाब मोजून घेणाऱ्या एका आजींचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकले गेले. त्यांच्या हातातील केसपेपरवरील नाव व नोंदी छायाचित्रात वाचता येत होत्या. दुसऱ्या दिवशी आजींच्या मुलाने हरकत घेतली. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी दिलगिरी व्यक्त करून ती पोस्ट तत्काळ काढून टाकली. चार दिवसांनी मुलाचा पुन्हा फोन आला, "सर, तुम्ही फोटो काढला म्हणालात, पण आईचा फोटो फेसबुकवर अजून दिसतोय. आमच्या पाहुण्यांनी पाठवला मला."

अधिकाऱ्यांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांना ज्या जागी पोस्ट दिसत होती, त्या जागेवरून त्यांनी ती काढली होती. दुसरी प्रत कोठे गेली आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. या प्रसंगाच्या आधारे आता तिन्ही सामाईक बाबींचा क्रमाने विचार करू.

१. सामाईक प्रसिद्धी :
अकाउंट्स सेंटरमधील `Connected experiences` या विभागात `Sharing across profiles` ही नोंद असते. तेथे कोणत्या खात्यावरील मजकूर कोणत्या खात्यावर जावा, हे निवडता येते. पोस्ट, स्टोरी आणि रील यांसाठी निवड वेगवेगळी करता येते आणि एकदा 'आपोआप' हा पर्याय निवडला की दर वेळी विचारणा होत नाही.

येथे लक्षात घेण्याची बाब अशी की, फेसबुकवर जाते ती मूळ पोस्टची सावली नसते, तर स्वतंत्र प्रत असते. मूळ पोस्टखाली नंतर मजकूर बदलला तर प्रत बदलत नाही. मूळ पोस्ट काढून टाकली तरी प्रत राहते. वृत्तपत्राच्या कार्यालयातील हस्तलिखित फाडून टाकल्याने छापून गेलेला अंक परत येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

दुसरी बाब दर्शकवर्गाची आहे. इन्स्टाग्राम खाते खासगी असले, तरी तो निर्बंध प्रतीबरोबर प्रवास करत नाही. प्रत फेसबुकवर पोहोचली की ती कोणाला दिसावी, हे फेसबुकवरील निवडीनुसार ठरते. आपल्या उदाहरणातील विद्यार्थ्याच्या फेसबुक खात्यावर ही निवड 'सार्वजनिक' अशी होती. त्यामुळे १८० स्वयंसेवकांपुरते मर्यादित समजलेले छायाचित्र कोणालाही पाहता येईल, अशा जागी गेले.

अशा वेळी जोडणी तोडल्याने काय होते? पुढील पोस्टची प्रत जाणे थांबते, एवढेच. यापूर्वी गेलेल्या सर्व प्रती जागच्या जागी राहतात. शिवाय त्या विद्यार्थ्याच्या वैयक्तिक फेसबुक खात्यावर असल्याने त्या काढण्याचा अधिकार त्याच्याचकडे असतो. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी घाईने जोडणी तोडली असती, तर त्या प्रती कोठे जात होत्या याची दृश्य खूणही त्यांच्या पडद्यावरून नाहीशी झाली असती. म्हणून येथे क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम कोणत्या खात्यावर प्रती जात होत्या हे पाहावे, त्या खातेधारकाकडून आक्षेपार्ह प्रती काढून घ्याव्यात आणि मग जोडणी तोडावी.

२. सामाईक प्रवेश :
त्याच विभागात `Logging in with accounts` अशी दुसरी नोंद असते. एका खात्यात प्रवेश असेल, तर त्याच आधारे दुसऱ्या कोणत्या खात्यात शिरता यावे, हे तेथे ठरते. दोन्ही खात्यांचे पासवर्ड वेगळेच राहतात. ते एक होत नाहीत. मात्र दुसऱ्या खात्याचा पासवर्ड न विचारता आत जाण्याचा एक अंतर्गत दरवाजा उघडतो.

या अंतर्गत दरवाजामुळे एक नेहमीची चूक घडते. विद्यार्थी प्रतिनिधीची मुदत संपली की नवीन प्रतिनिधी इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदलतो आणि हस्तांतर पूर्ण झाले असे मानतो. परंतु पासवर्ड बदलणे म्हणजे पुढच्या दाराचे कुलूप बदलणे होय. जुन्या प्रतिनिधीचे फेसबुक खाते त्याच अकाउंट्स सेंटरमध्ये असेल आणि त्यातून प्रवेशाची मुभा चालू असेल, तर मधला दरवाजा तसाच उघडा राहतो. जुन्या प्रतिनिधीचा हेतू वाईट असला पाहिजे, असे मुळीच नाही. त्याचा मोबाइल हरवला किंवा त्याचे फेसबुक खाते कोणी बळकावले, तर त्या व्यक्तीलाही हाच दरवाजा सापडतो. जोडलेल्या खात्यांची सुरक्षा अशा रीतीने त्यांतील सर्वांत दुबळ्या खात्याइतकीच उरते.

आणखी एक धागा संपर्क तपशिलांचा आहे. अकाउंट्स सेंटरमध्ये नोंदवलेला मोबाइल क्रमांक किंवा ईमेल एकाहून अधिक खात्यांस लागू करता येतो. विद्यार्थ्याचा वैयक्तिक क्रमांक एककाच्या इन्स्टाग्राम खात्यासही लागू झाला असेल, तर 'पासवर्ड विसरलो' असे नोंदवून येणारा संकेतांक त्याच्या मोबाइलवर जाईल.

जोडणी तोडण्यासाठी अकाउंट्स सेंटरमधील `Accounts` या यादीत संबंधित खात्यासमोरील `Remove` निवडावे लागते. त्यानंतर ते खाते नष्ट होत नाही. ते त्या सामाईक दालनातून बाहेर पडते आणि स्वतंत्रपणे चालू राहते. मधला दरवाजा बंद होतो. परंतु तीन गोष्टी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात. ज्या मोबाइल संचांवर किंवा संगणकांवर खाते आधीच उघडे आहे, तेथील प्रवेश 'लॉगिन असलेली ठिकाणे' या यादीतून बंद करावा लागतो. संपर्क तपशिलांत कोणाचा क्रमांक उरला आहे, हे तपासावे लागते. तिसरी गोष्ट तोडण्यापूर्वीची आहे. काही इन्स्टाग्राम खाती मुळात फेसबुकच्या आधारेच उघडलेली असतात आणि त्यांना स्वतःचा पासवर्ड कधी दिलेलाच नसतो. अशा खात्यास आधी पासवर्ड देऊन, त्यास संस्थेचा ईमेल जोडून, त्या पासवर्डने एकदा प्रवेश करून पाहिल्याशिवाय जोडणी तोडू नये. अन्यथा स्वतःच्याच खात्याबाहेर राहण्याची वेळ येते.

एककाचे फेसबुक पेज असेल आणि ते इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्याशी जोडलेले असेल, तर ती जोडणी या क्रियेने तुटत नाही. पेजवर ज्यांना अधिकार दिले आहेत, त्यांना पेजच्या मार्गाने इन्स्टाग्रामवरील संदेश पाहणे व पोस्ट टाकणे अधिकारानुसार शक्य असते. ती जोडणी पेजच्या सेटिंगमधून तोडावी लागते किंवा त्याहून योग्य म्हणजे, जुन्या प्रतिनिधीचा पेजवरील अधिकार काढावा लागतो.

३. सामाईक जाहिरात माहिती :
पहिल्या दोन बाबी डोळ्यांना दिसतात. तिसरी दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी गैरसमज अधिक आहेत.

एका अकाउंट्स सेंटरमधील खाती एकाच व्यक्तीची आहेत, असे कंपनी गृहीत धरते. इन्स्टाग्रामवर काय पाहिले आणि फेसबुकवर कशाला प्रतिसाद दिला, याचा एकत्रित विचार करून दोन्हीकडील जाहिराती निवडता येतात. जाहिरातविषयक पसंतीही एकदाच नोंदवली की जोडलेल्या खात्यांस लागू होते. आपल्या उदाहरणात एककाचे खाते आणि विद्यार्थ्याचे वैयक्तिक खाते एकत्र असल्याने संस्थेचे काम आणि विद्यार्थ्याची खासगी आवडनिवड एकाच व्यक्तीच्या वर्तनात मोजली जाते. याचा संस्थेला उपयोग नाही आणि विद्यार्थ्यावर तो अन्याय आहे.

जोडणीचा परिणाम जाहिरातदाराच्या हिशेबावरही होतो. ऑक्टोबर २०२१ पासून कंपनीने मोजणीचा नियम बदलला. ज्याची दोन्ही खाती अकाउंट्स सेंटरमध्ये जोडलेली आहेत, त्यास जाहिरातीच्या नियोजनात व मोजणीत एक व्यक्ती धरले जाते. ज्याची खाती जोडलेली नाहीत, त्याची दोन खाती दोन व्यक्ती म्हणून मोजली जातात. समजा, मुळशीतील एका महिला बचत गटाने आंबेमोहोर तांदळाच्या विक्रीची जाहिरात दोन्ही अॅप्सवर दिली आणि ती प्रत्यक्षात ३०० व्यक्तींनी दोन्हीकडे पाहिली. त्यांपैकी १२० जणांची खाती जोडलेली आहेत, १८० जणांची नाहीत. अहवालात १२० अधिक १८० च्या दुप्पट, म्हणजे ४८० व्यक्ती दिसतील. गटातील ताईंना वाटेल की जाहिरात ४८० घरांत पोहोचली. प्रत्यक्षात ती ३०० जणांपर्यंत पोहोचली आणि त्यांतील १८० जण दोनदा मोजले गेले. वाणिज्य व अर्थशास्त्राच्या प्रकल्पांत विद्यार्थी असे अहवाल आधारसामग्री म्हणून वापरतात. त्यांना हा भेद सांगणे आवश्यक आहे.

जोडणी तोडल्याने या बाबतीत काय बदलते? दोन खाती एकाच व्यक्तीची आहेत, हे वापरणाऱ्याने स्वतः दिलेले निवेदन मागे घेतले जाते. पुढील मोजणीत ती दोन व्यक्ती ठरतात आणि जाहिरातविषयक पसंती दोन्हीकडे वेगवेगळी तपासावी लागते. मात्र जोडणी तोडणे ही माहिती पुसण्याची विनंती नव्हे. प्रत्येक खात्यावर जमा झालेली माहिती त्याच कंपनीकडे राहते. सुरक्षा व गैरवापर रोखणे यांसारख्या कारणांसाठी आपल्या विविध सेवांतील माहितीचा एकत्रित उपयोग करण्याची मुभा कंपनीने गोपनीयता धोरणात राखून ठेवली आहे.

बाहेरून येणारी माहिती तर जोडणीवर अवलंबूनच नसते. एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळावर फेसबुकचा मागोवा घेणारा संकेत बसवलेला असेल, तर तेथील भेटीची नोंद कंपनीकडे जाते. तसेच एखादा व्यापारी ग्राहकांच्या मोबाइल क्रमांकांची यादी सांकेतिक रूपात देतो आणि ती खात्यांवरील क्रमांकांशी जुळवली जाते. दोन्ही खात्यांवर एकच क्रमांक असेल, तर जोडणी तुटल्यानंतरही तो दोन्हीकडे जुळू शकतो. हे मर्यादित करण्यासाठी जाहिरातविषयक पसंतीतील `Activity information from ad partners` आणि स्वतंत्रपणे असलेली `Your activity off Meta technologies` या नोंदी तपासाव्या लागतात.

कायद्याची चौकट :
जोडणी तोडल्यावर माहितीही वेगळी व्हावी, हा आग्रह तांत्रिक नसून कायदेशीर आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथील नागरिकांस फेसबुक व इन्स्टाग्राम यांची माहिती परस्परांत वापरू न देता दोन्ही सेवा वेगवेगळ्या ठेवण्याचा पर्याय द्यावा लागला. म्हणजेच, हे करणे यंत्रणेस अशक्य नाही.

भारतात या प्रश्नाची चर्चा मुख्यतः व्हॉट्सअॅपच्या निमित्ताने झाली. २०१६ च्या धोरणबदलाच्या वेळी जुन्या वापरकर्त्यांना जाहिरातीसाठी माहिती न देण्याचा पर्याय ३० दिवसांपुरता होता; २०२१ च्या धोरणात तो नव्हता. भारतीय स्पर्धा आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटा कंपनीस २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला आणि जाहिरातीसाठी माहिती देण्यावर पाच वर्षांची बंदी घातली. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी दंड कायम ठेवला, परंतु पाच वर्षांची बंदी रद्द केली. हा वाद व्हॉट्सअॅपपुरता होता. फेसबुक व इन्स्टाग्राम यांमधील जोडणीस तो लागू नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमती आणि माहिती पुसून घेण्याचा हक्क यांसंबंधीच्या प्रमुख तरतुदींस मात्र १८ महिन्यांची मुदत आहे. तोपर्यंत आपल्या हाती आहे ते अॅपमधील सेटिंग.

निष्कर्ष :
जोडणी तोडणे ही भविष्यास लागू होणारी क्रिया आहे. ती भूतकाळ बदलत नाही. पुढील प्रती थांबतात, परंतु गेलेल्या प्रती राहतात. मधला दरवाजा बंद होतो, परंतु आत बसलेल्यास स्वतंत्रपणे बाहेर काढावे लागते. व्यक्तीची ओळख दोन खात्यांत विभागली जाते, परंतु साठलेली माहिती कंपनीकडेच राहते.

यावरून वार्षिक हस्तांतराचा क्रम निश्चित करता येतो. खात्यास संस्थेचा ईमेल व स्वतंत्र पासवर्ड द्यावा आणि तो चालतो याची खात्री करावी. आपोआप प्रसिद्धी बंद करून यापूर्वीच्या प्रती कोठे आहेत हे पाहावे आणि नको असलेल्या काढून घ्याव्यात. त्यानंतर जोडणी तोडावी, उघडी ठिकाणे बंद करावीत, संपर्क क्रमांक तपासावेत आणि शेवटी पेजवरील अधिकारांची यादी पाहावी. हे सर्व जुना प्रतिनिधी समोर बसलेला असतानाच करावे, कारण त्याच्या वैयक्तिक खात्यावरील प्रती इतर कोणासही काढता येत नाहीत.

आपल्या उदाहरणातील छायाचित्र अखेर त्या विद्यार्थ्याने स्वतःच्या फेसबुक खात्यावरून काढले. त्यास दोन मिनिटे लागली. परंतु ते कोठे आहे हे कळेपर्यंत चार दिवस गेले होते, आणि पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये उतरलेली प्रत कोणत्याही सेटिंगच्या आवाक्याबाहेर होती. शिबिराच्या गावात पुढील वर्षी पुन्हा जायचे असते. त्यामुळे खाते कोणाकोणाशी जोडलेले आहे, याची तपासणी शिबिरास निघण्यापूर्वीच झालेली बरी.